अक्षांश आणि गच्चीवरील सावली

गच्चीवर भाजीपाला लावण्याचा विचार बहुधा उन्हाळ्यात सुचतो, आणि वाफ्यांची जागाही त्याच दिवसांत ठरविली जाते. मे महिन्यात भरदुपारी गच्चीवर उभे राहिले असता सर्वत्र लख्ख ऊन दिसते. दक्षिणेकडे शेजाऱ्याची उंच भिंत असली, तरी तिच्या पायथ्याशीदेखील सावलीचा मागमूस नसतो. साहजिकच वाफे त्या भिंतीलगत मांडले जातात. पुढे डिसेंबरात टोमॅटोची रोपे लांबट वाढू लागतात, पाने फिकट होतात, फुले तुरळक येतात. आणि दोष मातीला किंवा बियाण्याला दिला जातो. वास्तविक दोष जागेचा असतो. ती जागा हिवाळ्यात कशी असेल हे मे महिन्यातच कागदावर काढून पाहता आले असते. त्यासाठी गावाचा अक्षांश तेवढा ठाऊक हवा.

सूर्याचे गणित थोडक्यात असे आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या सुमारास सूर्य मध्यान्ही डोक्यावरच्या बिंदूपासून दक्षिणेकडे, गावाच्या अक्षांशाइतकाच कललेला असतो. बेळगावचा अक्षांश सुमारे १६ अंश आहे. म्हणून त्या दिवशी तेथे सूर्याचा कल १६ अंशांचा असतो. २२ डिसेंबरला सूर्य साडेतेवीस अंश आणखी दक्षिणेस गेलेला असतो, तेव्हा हे दोन्ही आकडे मिळवावयाचे : कल साडेएकोणचाळीस अंश. २१ जूनला तो तितकाच उत्तरेस असतो, म्हणून वजाबाकी करावयाची. सोळामधून साडेतेवीस वजा जात नाहीत, उलट साडेसात उरतात. याचा अर्थ असा की, त्या दिवशी बेळगावात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून पलीकडे, उत्तरेच्या बाजूस असतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तेथे हीच स्थिती राहते. मे महिन्यात दक्षिणेकडील भिंतीची सावली गच्चीवर का दिसत नाही, याचे उत्तर येथेच मिळते.

कल कळला की सावलीची लांबी काढण्यास त्रिकोणमितीचे कोष्टक असलेच पाहिजे असे नाही. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतील कोनमापक पुरे. कागदावर १० सेंटिमीटर उंचीची उभी रेषा काढावी. ती १० फूट उंचीची भिंत समजावी. तिच्या माथ्याशी, उभ्या रेषेपासून साडेएकोणचाळीस अंशांचा कोन करून खाली तिरपी रेघ ओढावी. ती जमिनीच्या रेषेला भिंतीपासून सव्वाआठ सेंटिमीटरच्या सुमारास मिळते. म्हणजे बेळगावात २२ डिसेंबरच्या मध्यान्ही १० फूट भिंतीची सावली सव्वाआठ फूट. मार्चमध्ये हीच सावली जेमतेम तीन फूट, आणि जूनमध्ये सव्वा फूट, तीही उलट्या दिशेला. अक्षांशात एका अंशाची चूक झाली तर डिसेंबरच्या सावलीत तीन-चार इंचांचाच फरक पडतो; म्हणून नकाशावरून घेतलेला ढोबळ अक्षांश चालतो. भिंतीची उंची मात्र टेप लावून मोजावी.

तथापि केवळ मध्यान्हीच्या आकड्यावर विसंबणे योग्य नव्हे. सकाळी नऊच्या सुमारास सूर्य खाली आणि आग्नेयेकडे असतो. मध्यान्हापूर्वी तीन तास, त्याच डिसेंबरच्या दिवशी, १० फूट खांबाची सावली साडेसोळा फूट लांब पडते. पण ती वायव्येकडे तिरपी जाते. लांब भिंत पूर्वपश्चिम असेल, तर महत्त्व या तिरप्या लांबीला नसून सावली भिंतीपासून सरळ उत्तरेकडे किती आत शिरते याला आहे. ते अंतर सुमारे ११ फूट भरते. दुपारनंतर तीन तासांनी पुन्हा तेवढेच.

आता एक प्रत्यक्ष गच्ची घेऊ. दक्षिणेस शेजाऱ्याची पूर्वपश्चिम लांब भिंत आहे. ती गच्चीच्या फरशीपेक्षा १० फूट उंच असून मध्ये ५ फुटांची बोळ आहे. ११ मधून ५ गेले, ६ राहिले. गच्चीच्या दक्षिण कडेपासून ६ फुटांच्या पलीकडे डिसेंबरातही मध्यान्हाच्या आधी व नंतर तीन-तीन तास सलग ऊन मिळेल. टोमॅटो, वांगी, मिरची यांची जागा ती. चार फुटांच्या रेषेवर सुमारे चार तास ऊन येते. तेथे मेथी, पालक, कोथिंबीर निभावतात. सव्वातीन फुटांच्या आत मात्र त्या दिवशी मध्यान्हीदेखील सावलीच राहील. जागा अपुरी असेल तर कुंड्या २ फूट उंचीच्या मांडणीवर ठेवाव्यात. सावलीच्या हिशेबात उंची फरशीपासून धरावयाची नसते, पानांपासून धरावयाची असते. भिंत मग १० ऐवजी ८ फूट उरते, आणि ६ फुटांची रेषा पावणेचार फुटांवर येते.

हा हिशेब खरा उतरतो की नाही याचा पडताळा स्वस्तात घेता येतो. २२ डिसेंबरच्या आठवड्यात ४ फुटांची काठी ओळंबा लावून सपाट फरशीवर उभी करावी आणि तिची सर्वांत आखूड सावली टिपावी. बेळगावात ती ३ फूट ३ इंचांहून किंचित अधिक भरली पाहिजे. मात्र घड्याळात बारा वाजता ही सावली शोधू नये. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि बेळगाव त्याच्या आठ अंश पश्चिमेस. त्यामुळे तेथे डिसेंबरातील खरे मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. आखूड सावलीची दिशा हीच खरी उत्तर. गच्चीत लोखंडी सळ्या असल्याने होकायंत्र तेथे फसण्याचा संभव असतो; काठी फसत नाही. भिंत पूर्वपश्चिम रेषेपासून बरीच तिरपी आहे असे यातून दिसले, तर वरचे ११ फूट लागू पडणार नाहीत. नऊ व तीनच्या सुमारास सावलीच्या कडा खडूने आखून घ्याव्यात. ही मोजणी संक्रांतीवर ढकलू नये. सूर्य २२ डिसेंबरलाच परततो. १४ जानेवारीपर्यंत त्या भिंतीची मध्यान्हसावली अर्ध्या फुटाहून अधिक आखडलेली असते.

उत्तरेकडे जावे तसे आकडे बदलतात. तीच १० फूट भिंत डिसेंबरच्या मध्यान्ही इंदूरला साडेदहा फूट, तर ग्वाल्हेरला पावणेबारा फूट सावली टाकते. कर्कवृत्त या दोन शहरांच्या मधून जाते. म्हणून ग्वाल्हेरला मध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेस जात नाही, आणि दक्षिणेची भिंत जूनमध्येही अर्धा फूट सावली देते. घराची जागा आखतानाही हेच प्रमाण धरावे. दक्षिणेकडील शेजारचे घर आपल्या खिडकीच्या तळापेक्षा २० फूट उंच असेल, तर हिवाळ्यातील मध्यान्हीचे ऊन त्या तळापर्यंत पोहोचण्यास बेळगावात साडेसोळा फूट अंतर पुरते. ग्वाल्हेरला मात्र साडेतेवीस फुटांहून अधिक सोडावे लागते. बेळगावात बेतलेला आराखडा तेथे जसाच्या तसा उभारला, तर ग्वाल्हेरच्या थंडीत ती खोली दिवसभर सावलीत राहील.