फोटोतली इस्त्री ओळखताना

जुन्या वस्तूंच्या विक्रीचे किंवा कुणाच्या माळ्यावरचे फोटो पाहताना इस्त्री हमखास दिसते, आणि तिचा आकार पाहून आपण ती कोणत्या प्रकारची ते ठरवून टाकतो. इथेच फसगत होते, कारण पुढे टोक, मागे रुंद आणि वर मूठ हा आकार तिन्ही प्रकारांत सारखाच असतो. फरक असतो तो इस्त्री कशाने तापते यात. म्हणून फोटो समोर आला की आधी शोधायचं ते हे: हिला हवा लागते, वीज लागते, की वीज आणि पाणी दोन्ही?

कोळशाच्या इस्त्रीला हवा लागते. पोटातले निखारे धुमसत राहायचे तर हवा आत शिरायला वाट हवी. म्हणून तिच्या पितळी किंवा बिडाच्या अंगावर, खालच्या बाजूला भोकांची किंवा कमानींची रांग असते. निखारे भरायला वरचं झाकण उघडावं लागतं. त्यासाठी मागे बिजागरी आणि पुढच्या टोकाशी कडी किंवा खिटी असते. लाकडी मूठ दोन दांड्यांवर उंच बसवलेली असते, कारण झाकण खूप तापतं. काही इस्त्र्यांना पुढे धूर जायला छोटं वाकडं धुराडंही असतं. भोकं, बिजागरी आणि कडी ही तिन्ही दिसली की शंका उरत नाही. मात्र युरोपात पेटीसारखी आणखी एक इस्त्री होती. तिच्यात निखाऱ्यांऐवजी चुलीत तापवलेला लोखंडी ठोकळा घालत. तिला हवेची भोकं लागत नसत आणि बहुधा मागच्या बाजूला दार असे. म्हणून पेटीचा आकार पाहून कोळसा धरून चालू नये, भोकं पाहावीत.

विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी 1882 मध्ये घेतलं. आत विजेने तापणारी तार आली आणि उघडणारं झाकण, कडी, भोकं या सगळ्यांची गरज संपली. त्यामुळे साध्या विजेच्या इस्त्रीचं अंग बंद असतं, मागून वायर निघते आणि तळ सपाट, एकसंध असतो. मुठीखाली तापमान ठरवणारी गोल चकती आणि एक छोटा दिवा बहुतेकदा दिसतो.

स्टीम इस्त्रीत याच रचनेला पाण्याची जोड मिळते. पाणी आत घ्यायला मुठीच्या पुढच्या टोकाशी झाकणाचं तोंड लागतं, साठवायला अर्धपारदर्शक टाकी लागते आणि वाफ बाहेर सोडायला तळाला छिद्रं लागतात. फोटोत तळ दिसत नसेल तर टाकीवरची पाण्याच्या पातळीची खूण किंवा चकतीवरचं वाफेचं चिन्ह शोधावं. हे चिन्ह चकतीच्या जास्त तापमानाच्या बाजूला असतं, कारण तळ पुरेसा तापला नसेल तर वाफ न होता पाणीच कपड्यावर गळतं. फक्त पाण्याचा फवारा उडवणारी नळी दिसली म्हणून इस्त्री स्टीमची ठरत नाही. काही साध्या इस्त्र्यांनाही फवारा असतो. कारखान्यांतल्या आणि लॉन्ड्रीतल्या काही स्टीम इस्त्र्यांना तर अंगावर टाकीच नसते. वर टांगलेल्या बाटलीतून नळीने पाणी येतं, म्हणून तिथे वायरीशेजारची नळी पाहायची.

आता एक अवघड फोटो घेऊ. बाजूने काढलेला, चकचकीत धातूचं अंग, काळी मूठ. वायर नाही, चकती नाही, तळ दिसत नाही. जुनी दिसते म्हणून ही कोळशाची, असं म्हणायचा मोह होतो. पण अंगावर एकही भोक नाही, झाकणाची फट नाही, कडी नाही. म्हणजे कोळसा बाद. पाण्याचं तोंड आणि टाकीही नाही. मग मागची बाजू मोठी करून पाहायची. तिथे धातूच्या कड्यात दोन पिना दिसतात. वायर काढून ठेवता येणारी ही साधी विजेची इस्त्री आहे. चकती नाही याचा अर्थ तिला आपोआप बंद होणारी यंत्रणा नाही. ती तापतच राहते आणि दर थोड्या वेळाने हाताने बंद करावी लागते. याउलट लॉन्ड्रीतली लाकडी मुठीची जड, काळी इस्त्री पाहून ती कोळशाची वाटते, पण मागून वायर निघत असेल आणि भोकं नसतील तर ती विजेचीच.

सगळ्यात अवघड असते ती कोळशाची जुनी पेटी, जिच्यात नंतर कुणी विजेचा सांगाडा बसवला आहे. तिच्यावर भोकं आणि वायर दोन्ही दिसतात. मूळ कोळशाची आणि वापर विजेचा, अशीच तिची नोंद करावी लागते.

अशी इस्त्री फोटोवरून ओळखता आली तरी ती सुरक्षित आहे का, हे फोटो सांगत नाही. दोन पिनांच्या जुन्या इस्त्रीला अर्थिंग नसू शकतं. ती जाणकाराकडून तपासल्याशिवाय प्लगला लावू नये. आणि तुम्ही स्वतः अशा वस्तूचा फोटो कुणाला पाठवणार असाल तर एक बाजूने, एक मागून आणि एक तळाचा, असे तीन काढा.