सातबाऱ्याची नोटीस मोठ्याने वाचून घेताना: मराठी वाचक-आवाज आणि वेग कसा निवडावा

डमडमला राहणाऱ्या माझ्या मावशीला साताऱ्याहून एक नोटीस आली. वडिलोपार्जित जमिनीच्या नोंदीत बदल होणार होता आणि हरकत असेल तर कळवायची मुदत दिली होती. मावशीचे वय ७९ आहे. डोळ्यांतील पडद्याच्या मध्यभागाची झीज झाल्यामुळे तिला दारावरची पाटी वाचता येते, पण नोटिशीचा बारीक टाइप वाचता येत नाही. शेजारी सगळे बंगाली, म्हणजे मराठी वाचून दाखवणारे जवळ कोणी नाही. हे काम फोनकडून करून घ्यायचे ठरले. त्यात काय काय बिघडले आणि ते कसे दुरुस्त केले, ते आपण या टिपणात पाहू. नोटिशीतील आकडे मी बदलले आहेत.

छापील मजकुराचा फोटो काढून त्याचा मजकूर करणे ही पहिली पायरी आहे. ती तुम्हांला बहुधा येत असेल. संगणकावर टेसरॅक्ट वापरत असाल तर भाषा `mar` द्यावी आणि प्रतिमा ३०० डीपीआयच्या आसपास असावी. या पायरीवर एकच गोष्ट मनात पक्की ठेवा: देवनागरी आकड्यांत १ आणि ९, तसेच ५ आणि ६ फिकट छपाईत एकमेकांसारखे दिसतात. चुकलेले अक्षर ऐकताना कानाला खटकते, कारण शब्दच बिघडतो. चुकलेला आकडा मात्र अगदी खणखणीत, शुद्ध उच्चारात ऐकू येतो. म्हणून पुढे काहीही करण्याआधी तारीख, गट क्रमांक आणि रक्कम मूळ कागदाशी डोळ्यांनी ताडून घ्यावी. हे काम दिसणाऱ्या माणसाचेच आहे.

आता आवाजाकडे येऊ. मावशीच्या फोनवर वाचन सुरू केले तेव्हा आवाज आला, मराठी शब्दही ऐकू आले, पण तिला काहीतरी परके वाटत होते. कारण साधे होते. फोनवर मराठी आवाज उतरवलेलाच नव्हता आणि देवनागरी दिसताच फोन हिंदी आवाजाने वाचत होता. महाराष्ट्राबाहेर विकत घेतलेल्या आणि तिथेच चालू केलेल्या फोनवर हे सहज होते. ओळखायचे कसे? पुढील वाक्य वाचायला द्या:

जरा थांबा, चाळीतल्या ४५ घरांना पाणी उद्या मिळेल.

आवाज «पंचेचाळीस» म्हणाला तर मराठी, «पैंतालीस» म्हणाला तर हिंदी. आकड्यांत भाषा लिहिलेली नसते, त्यामुळे आवाज ज्या भाषेचा त्याच भाषेत आकडा बोलला जातो. ही कसोटी सर्वांत खात्रीची आहे. दुसरी खूण «जरा» आणि «चाळ» या शब्दांत आहे. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत: «चंद्र»मधला च तालव्य, तर «चाळ»मधला दंततालव्य. लिपीत हा भेद दाखवलेला नसतो, तो शब्दागणिक माहीत असावा लागतो. हिंदी आवाज सगळीकडे एकच च आणि एकच ज वापरतो. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला अशा लहानशा फरकानेही शब्द ओळखायला अर्धा क्षण जास्त लागतो आणि तेवढ्यात पुढचा शब्द निघून जातो.

अँड्रॉइडवर उपाय असा: Settings मध्ये Text-to-speech output शोधावे, गुगलच्या इंजिनासमोरील चाकावर टिचकी देऊन Install voice data मध्ये मराठी निवडावे आणि आवाज उतरवून घ्यावा. मग भाषा System language वर न ठेवता मराठी करावी. फोनची बाकीची भाषा इंग्रजी किंवा बंगालीच राहिली तरी चालते. फोनच्या बनावटीनुसार या पर्यायांच्या जागा थोड्या बदलतात.

मराठी आवाज मिळाला तरी नोटीस समजली नाही, आणि इथेच या विषयातला खरा अभ्यास सुरू होतो. मूळ मजकूर असा होता:

«ता. वाई, जि. सातारा येथील गट क्र. १९६/२, क्षेत्र ०.४५ हे. बाबत ७/१२ वर नोंद घ्यावयाची आहे. हरकत असल्यास ता. १९/११ पूर्वी कळवावे.»

वाचक-आवाजाच्या यंत्रणेत ध्वनी तयार होण्याआधी एक टप्पा असतो: आकडे, चिन्हे आणि संक्षेप यांचे पूर्ण शब्द करणे. त्याला मजकुराचे सामान्यीकरण म्हणतात. आपल्या दोन वाक्यांत ते पाच ठिकाणी अडखळू शकते. «ता.» पहिल्यांदा तालुका आहे, दुसऱ्यांदा तारीख. «७/१२» ही तारीखही नाही, अपूर्णांकही नाही, तो सातबारा आहे. पण यंत्राच्या दृष्टीने «१९/११» आणि «७/१२» यांचा साचा एकच. «हे.» म्हणजे हेक्टर, आणि ऐकणाऱ्याला «हे बाबत» असे काहीतरी अर्धवट ऐकू येते. शिवाय संक्षेपानंतरचा प्रत्येक टिंब वाक्य संपल्यासारखा घेतला गेला तर वाक्याचे तुकडे पडतात. मावशीने विचारले, «सात डिसेंबरला काय आहे रे?» तिला तीच मुदत वाटली होती. खरी मुदत १९ नोव्हेंबरची. ती अठरा दिवस उशिरा जागी झाली असती.

तेव्हा वाचनाची प्रत वेगळी करावी. ज्या बदलांत संदिग्धता नाही ते आज्ञेने होतात:

```
sed -E 's#७/१२#सातबारा#g; s/क्र\./क्रमांक/g; s/जि\./जिल्हा/g' notice.txt > vachan.txt
```

या ओळीतही एक सापळा आहे. मजकुरात «१७/१२/२०२४» अशी तारीख असेल तर तिच्या पोटातले ७/१२ बदलून «१सातबारा/२०२४» होईल. म्हणून आज्ञा चालवल्यावर `diff notice.txt vachan.txt` करून प्रत्येक बदल पाहावा. «ता.»ला तर मी आज्ञा लावतच नाही, हाताने लिहितो. पानभर मजकुराला पाच मिनिटे लागतात. शेवटी वाचनाची प्रत अशी झाली:

«तालुका वाई, जिल्हा सातारा. गट क्रमांक एकशे शहाण्णव, भाग दोन. क्षेत्र पंचेचाळीस आर. या जमिनीबाबत सातबाऱ्यावर नोंद घ्यायची आहे. हरकत असेल तर कळवावे. कधीपर्यंत? एकोणीस नोव्हेंबरच्या आधी.»

०.४५ हेक्टर म्हणजे ४५ आर, साधारण साडेचव्वेचाळीस गुंठे. मावशीला गुंठे कळतात, पण वाचनात मी आरच ठेवले, कारण कागदावर असलेले एकक बदलणे हे वाचन नाही. गुंठे तिला तोंडी सांगितले.

उच्चाराची एक चूक मात्र अशा सफाईने जात नाही. मराठीत लिहिलेला प्रत्येक अ बोलला जात नाही: «करवत» आपण «कर्‌वत» म्हणतो. शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे जात, दोन्ही बाजूंना स्वर असलेला मधला अ गाळायचा, असा साधा नियम केला तर बरेच शब्द बरोबर येतात. पण «उपकरण»ला तोच नियम लावून पाहा: आधी क मधला अ जातो आणि «उपक्रण» तयार होते. माणूस «उप्‌करण» म्हणतो, कारण त्याला उप आणि करण हे दोन भाग ठाऊक असतात. असा शब्द ऐकताना अडला तर वाचनाच्या प्रतीत तो सरळ तोडून «उप करण» लिहावा. दिसायला अशुद्ध आहे, पण ही प्रत कोणी पाहणार नाही.

आता वेग. मुलांची पहिली सूचना नेहमी एकच असते: «सर, वेग निम्मा करा.» तसे केल्यास स्वर ताणले जातात, व्यंजने पसरतात आणि बोलणे झिंगलेल्या माणसासारखे वाटते. वेग मोजायचा असेल तर शब्दसंख्या आणि ध्वनिफितीची लांबी पुरेशी आहे:

```
edge-tts --voice mr-IN-ManoharNeural --rate=-10% --file vachan.txt --write-media v.mp3
wc -w vachan.txt
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 v.mp3
```

समजा, मूळ वेगात ८४ शब्दांना ४२ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १२० शब्द. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर कालावधी २० टक्क्यांनी वाढत नाही, तो ०.८ ने भागला जातो आणि ५२.५ सेकंद होतो, म्हणजे वाढ २५ टक्क्यांची. आता वेग तसाच ठेवून मजकुराची बारा लहान वाक्ये केली आणि प्रत्येकानंतर ०.८ सेकंदाचा विराम दिला, तर एकूण ५१.६ सेकंद होतात. वेळ जवळपास तेवढाच, पण शब्दांचे ध्वनी नैसर्गिक राहिले आणि ऐकणाऱ्याला ऐकलेले मनात लावायला जागा मिळाली. वयस्कर माणसाला बहुतेक वेळा ही जागाच हवी असते. म्हणून आधी वाक्ये तोडा, मग वेग दहा-दहा टक्क्यांनी उतरवा. मावशीच्या बाबतीत दहा टक्क्यांवरच काम भागले.

योग्य वेग सापडला हे ओळखायला «समजलं का?» विचारू नका. उत्तर «हो हो» असेच येते. «कधीपर्यंत कळवायचं? किती जमीन?» असे विचारा आणि तिने आकडा परत सांगेपर्यंत थांबा.

स्त्रीचा आवाज घ्यावा की पुरुषाचा, हे घरातल्या आवडीवर सोडू नये. वाढत्या वयात आधी उंच स्वरांचे ऐकणे कमी होते आणि स, श यांसारख्या व्यंजनांची ओळख तिथेच असते. खालच्या पट्टीतला आवाज काहींना सोपा जातो, सर्वांना नाही. त्यामुळे तीच वाक्ये दोन्ही आवाजांत ऐकवून आकड्यांची परीक्षा घ्यावी. परीक्षा खोलीतल्या रोजच्या आवाजात घ्यावी. डमडमला विमान डोक्यावरून जाते तेव्हा कोणताच आवाज पुरत नाही. तिथे थांबवण्याचे बटण सापडणे जास्त महत्त्वाचे. अँड्रॉइडच्या Select to Speak मध्ये थांबवण्याबरोबरच एक वाक्य मागे जाण्याचे बटण आहे, मावशीला ते दोन्ही बोटांच्या सवयीने शिकवले. ब्लूटूथचा स्पीकर लावला तर तो झोपेतून जागा होईपर्यंत पहिला शब्द गिळतो, म्हणून वाचनाच्या प्रतीची पहिली ओळ मी «नोटीस वाचतो आहे» अशी बिनमहत्त्वाची ठेवतो.

वरची `edge-tts` आज्ञा इंटरनेटवरून चालते, म्हणजे मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. दिवाळी अंकातल्या कथेसाठी मी ती खुशाल वापरतो; तिचा आवाज ऐकायला चांगला आहे. नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र असलेल्या नोटिशीसाठी फोनवर उतरवलेला आवाज वापरला. संगणकावरच करायचे असेल तर `espeak-ng -v mr -s 130 -f vachan.txt` पूर्ण ऑफलाइन चालते. त्याचा मूळ वेग १७५ असतो आणि आवाज यांत्रिक असतो. मावशीने तो एकदा ऐकला आणि हा माणूस कोण, रेल्वेतला का, असे विचारले. वेग मोजण्याच्या प्रयोगांसाठीही मी नोटिशीऐवजी तेवढ्याच शब्दांचा दुसरा मजकूर घेतला होता.

हरकत नव्हती. तसे पत्र मावशीने सांगितले, मी लिहिले, आणि सही करण्याआधी तेही तिने फोनकडून दोनदा वाचून घेतले.