एकच पाय की दोन्ही?

“अगं, केमोचंच असणार हे,” नेरूळची मावशी फोनवर म्हणाली. ओव्हरीच्या कॅन्सरसाठी खारघरला दुसरी केमो होऊन आठवडा झाला होता आणि डावी पोटरी गोळा आल्यासारखी दुखत होती. काका तेल गरम करून चोळायच्या तयारीत! मी पोचले आणि हॉस्पिटलात फोन लावला. सिस्टरचा पहिला प्रश्न: “एकच पाय की दोन्ही? चोळू नका हं, आधी मोजा.”

शिवणाच्या डब्यातली टेप काढली. गुडघ्याखाली नडगीवर हाडाचा उंचवटा लागतो. तिथून 10 सेंटिमीटर खाली मोजलं. उजवी पोटरी 34, डावी 38. फरक 3 सेंटिमीटरच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. औषधांची किंवा प्रोटीन कमी झाल्याची सूज बहुधा दोन्ही पायांवर येते. मावशीचा एकच पाय सुजला होता, शिवाय गरम आणि लालसर. “आजच या,” सिस्टर म्हणाल्या.

डॉप्लर सोनोग्राफीत मांडीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. (‘गाठ’ म्हणू नका, कॅन्सरच्या घरात त्या शब्दाने वेगळीच धडकी भरते.) डी-डायमर नावाची रक्ततपासणी असते, पण कॅन्सरमध्ये ती एरवीही वाढलेलीच येते, म्हणून थेट सोनोग्राफी.

हे होतं का? कॅन्सरच्या पेशी स्वतःच रक्त गोठवणारी द्रव्यं सोडतात. केमो शिरांचं आतलं अस्तर दुखावते. पोटातली गाठ शिरेवर दाबते आणि थकलेला पेशंट दिवसभर पडून राहतो. निदानानंतरचे पहिले काही महिने आणि ऑपरेशननंतरचे आठवडे जास्त जोखमीचे. स्वादुपिंड, जठर, ओव्हरी, फुप्फुस आणि मेंदूच्या कॅन्सरमध्ये तर विशेष. हा संबंध पॅरिसच्या आर्मां त्रूसो या डॉक्टरने 1860च्या दशकात सांगितला. पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी झाल्यावर त्याने आपला आजार ओळखला. 1867मध्ये तो जठराच्या कॅन्सरने गेला.

खरी भीती पायाची नाहीच. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर अचानक धाप लागते, श्वास आत घेताना छातीत टोचतं, नाडी धावते, कधी थुंकीत रक्त येतं, चक्कर येते. त्याआधी पाय सुजेलच असंही नाही. अशा वेळी सकाळची ओपीडी गाठू म्हणायचं नाही, 108ला फोन करायचा किंवा थेट कॅज्युअल्टी.

मावशीला हेपरिनच्या इंजेक्शनांवर ठेवलं. गोळ्याही मिळतात, पण जठर-आतड्याच्या कॅन्सरमध्ये काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे ते डॉक्टरच ठरवतात. उपचार निदान तीन ते सहा महिने, आणि कॅन्सर किंवा केमो चालू असेल तर बहुधा पुढेही. प्लेटलेट्स घसरल्या की डोस बदलावा लागतो, म्हणून दर केमोआधीचा रक्ताचा रिपोर्ट आता काका आधी स्वतः वाचतात. इंजेक्शन मावशी स्वतःच पोटावर टोचून घेते, आणि टेप अजून उशाशीच असते.