नोड किती आणि कुठे? हायड्रोजनच्या ऑर्बिटलबद्दलचे काही गैरसमज

हायड्रोजन अणूतल्या इलेक्ट्रॉनचे तरंगफलन ψ ज्या पृष्ठभागावर शून्य होते आणि ज्याच्या एका बाजूला ते धन तर दुसऱ्या बाजूला ऋण असते, त्या पृष्ठभागाला नोड म्हणतात. हे तरंगफलन दोन भागांच्या गुणाकारातून बनते. एक भाग केंद्रकापासूनच्या अंतरावर, म्हणजे r वर अवलंबून असतो. दुसरा फक्त दिशेवर, म्हणजे θ आणि φ या कोनांवर. गुणाकार शून्य व्हायला कोणताही एक भाग शून्य झाला तरी पुरते. अंतराचा भाग शून्य झाला तर केंद्रकाभोवती गोल मिळतो, तो रेडियल नोड. दिशेचा भाग शून्य झाला तर केंद्रकातून जाणारे प्रतल किंवा शंकू मिळतो, तो अँग्युलर नोड.

मोजणीचा नियम एका ओळीत मावतो:

रेडियल नोड = n − l − 1, अँग्युलर नोड = l, एकूण = n − 1

सूत्र पाठ असूनही पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत चुका होतात, कारण नेमके काय मोजायचे हे डोळ्यांसमोर नसते. तबल्याची पुडी इथे उपयोगी पडते. कंप पावणाऱ्या पुडीवर बारीक वाळू पसरली की ती स्थिर रेषांवर गोळा होते. सी. व्ही. रामन यांनी १९२० आणि १९३४ साली भारतीय तालवाद्यांवर लिहिलेल्या लेखांत अशाच रेषांचा विचार आहे. या रेषा दोन प्रकारच्या असतात, वर्तुळे आणि व्यास. वर्तुळ म्हणजे रेडियल, व्यास म्हणजे अँग्युलर. रेषेच्या एका बाजूची पुडी वर उचललेली असते तेव्हा दुसऱ्या बाजूची खाली दबलेली असते. पुडीचा काठही हलत नाही, पण तो मुळातच वादीने आवळलेला असतो. कंपनाने तयार केलेल्या रेषांत त्याची गणती करण्याचे कारण नाही. अणूत असाच प्रश्न r = 0 आणि r = ∞ या दोन टोकांना उभा राहतो.

गैरसमज: फलन जिथे जिथे शून्य, तिथे तिथे नोड

अनंत अंतरावर प्रत्येक ऑर्बिटल शून्याकडे जाते. तो नोड नव्हे. तिथे फलन शून्याला छेदून पलीकडे जात नाही, नुसते विरत जाते. दुसऱ्या टोकाची गोष्ट थोडी फसवी आहे. p, d आणि f ऑर्बिटलच्या अंतराच्या भागात rˡ हा घटक असतो, त्यामुळे केंद्रकापाशी ते शून्यच असतात. तरीही 2p चे रेडियल नोड 2 − 1 − 1 = 0 एवढेच येतात. r = 0 हा गोल नसून एकच बिंदू आहे, आणि तो अँग्युलर नोडच्या प्रतलावर आधीच पडलेला आहे. त्याला वेगळे मोजले तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखे होईल.

n = 3 ची तिन्ही उदाहरणे प्रत्यक्ष सोडवून पाहिली की सूत्राचा अर्थ उलगडतो. बोर त्रिज्या a₀ म्हणजे सुमारे ५२.९ पिकोमीटर. अंतर या एककात मोजले, तर स्थिरांक वगळून अंतराचे भाग असे दिसतात:

3s: (27 − 18r + 2r²) e^(−r/3)
3p: r(6 − r) e^(−r/3)
3d: r² e^(−r/3)

घातांकी घटक कधीच शून्य होत नाही, म्हणून फक्त बहुपदी पाहायची. 3s साठी 2r² − 18r + 27 = 0 हे वर्गसमीकरण सोडवले की r = 1.90 आणि r = 7.10 ही दोन उत्तरे मिळतात. म्हणजे केंद्रकाभोवती साधारण १०१ आणि ३७६ पिकोमीटर त्रिज्येचे दोन गोल. 3p साठी r = 6 हा एकच गोल उरतो, सुमारे ३१७ पिकोमीटरचा. 3d मध्ये r² खेरीज काही नाही, त्यामुळे रेडियल नोडही नाही. दोन, एक, शून्य. l एकेकाने वाढतो तसा एकेक गोल कमी होतो आणि त्याच्या जागी केंद्रकातून जाणारा एक पृष्ठभाग येतो. एकूण संख्या तिन्ही वेळा दोनच राहते. हायड्रोजनमध्ये 3s, 3p आणि 3d यांची ऊर्जा सारखी असते (सूक्ष्म दुरुस्त्या सोडल्यास), आणि त्यांच्या नोडची बेरीजही सारखी असते.

गैरसमज: आलेख अक्षाला टेकला की नोड, आणि जितकी शिखरे तितके नोड

पुस्तकांत एकाच ऑर्बिटलचे तीन वेगवेगळे आलेख येतात: R(r), R²(r) आणि r²R². खरा घोळ इथेच होतो. R चा आलेख अक्ष ओलांडतो, म्हणून त्यावर नोड चटकन दिसतात. R² कधीच ऋण नसतो. तो नोडपाशी अक्षाला नुसता स्पर्श करून वर येतो. r²R² मध्ये r² हा गुणक बाहेरून आणलेला आहे. r त्रिज्येच्या पातळ कवचाचे आकारमान r² प्रमाणे वाढते, म्हणून तो लावतात. त्याच्यामुळे हा आलेख r = 0 ला नेहमी शून्यापासूनच निघतो, अगदी 1s चाही. 1s चे तरंगफलन तर केंद्रकापाशी सर्वात मोठे असते. या आरंभबिंदूला नोड समजून ‘1s ला एक नोड’ असे उत्तर लिहिले जाते, ते चूक.

शिखरांची संख्या मात्र उपयोगी खूण आहे. r²R² मध्ये n − l शिखरे असतात, म्हणजे रेडियल नोडपेक्षा एक जास्त. 3s ला तीन शिखरे आणि त्यांच्यामध्ये दोन दऱ्या. मोजायच्या त्या दऱ्या.

विद्यार्थ्याला हे हाताने पडताळण्यापेक्षा संगणकावर करणे सोपे वाटेल. शून्य किंमती शोधण्याऐवजी चिन्ह किती वेळा बदलते हे मोजायचे:

```python
import numpy as np
r = np.linspace(0.01, 40, 4000)
R = (27 - 18*r + 2*r**2) * np.exp(-r/3)
print(np.sum(R[:-1] * R[1:] < 0))
```

उत्तर 2 येते. R च्या जागी R**2 घातले की उत्तर 0, कारण वर्गाला चिन्हच उरत नाही. उलट R == 0 असे तपासले तर घेतलेल्या बिंदूंपैकी एकही नेमका 1.90 च्या मुळावर पडत नाही आणि नोड हातचे निसटतात. आलेखाची कक्षा 40 ऐवजी 5 वर थांबवली तर दुसरा नोड बाहेरच राहतो. n वाढेल तशी कक्षा वाढवावी लागते.

गैरसमज: अँग्युलर नोड म्हणजे सपाट प्रतल, आणि d_z² ला ते नसतातच

pₓ, p_y, p_z आणि चार पाकळ्यांची d ऑर्बिटल पाहून ‘अँग्युलर नोड म्हणजे प्रतल’ अशी व्याख्या डोक्यात बसते. d_xy ला खरोखरच xz आणि yz ही दोन प्रतले आहेत. मग दोन मोठ्या पाकळ्या आणि मधे कडे अशा d_z² कडे पाहिले की प्रतल सापडत नाही. काही जण शून्य लिहितात, तर काही जण कड्यामुळे xy प्रतलालाच नोड म्हणतात. हे दुसरे उत्तर अगदी उलट आहे, कारण कडे xy प्रतलातच पसरलेले असते.

d_z² चा दिशेचा भाग 3cos²θ − 1 असा आहे. xy प्रतलात θ = 90°, म्हणून त्याची किंमत −1 येते, शून्य नव्हे. शून्य हवे असेल तर cos²θ = 1/3, म्हणजे θ = 54.7° किंवा 125.3°. हे दोन शंकू आहेत, एक z अक्षाच्या वरच्या बाजूला उघडणारा आणि एक खालच्या. शंकूंच्या आत फलन धन, बाहेर कड्यात ऋण. l = 2, नोड दोन; नियम तंतोतंत पाळला गेला आहे.

याच संदर्भात m या क्वांटम अंकाचे काम स्पष्ट होते. m मुळे अँग्युलर नोडची संख्या बदलत नाही, त्यांची वाटणी बदलते. z अक्षातून जाणारी उभी प्रतले |m|, आणि θ ने ठरणारे पृष्ठभाग l − |m|. d_xz साठी |m| = 1, म्हणून एक उभे प्रतल (yz) आणि एक θ = 90° चे, म्हणजे xy. एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. उभी प्रतले फक्त पुस्तकात काढलेल्या वास्तव ऑर्बिटलना असतात. m = +1 चे मूळ ऑर्बिटल e^(iφ) या घटकासह लिहिले तर त्याचे मूल्य φ बदलल्याने कुठेच शून्य होत नाही. m = +1 आणि m = −1 यांची बेरीज-वजाबाकी करून pₓ आणि p_y बनवले जातात, तेव्हा प्रतले दिसू लागतात.

सगळे एकत्र पाहायचे तर 4d_z² घ्यावे. n = 4, l = 2. रेडियल नोड 4 − 2 − 1 = 1; त्याचा अंतराचा भाग r²(12 − r) e^(−r/4), म्हणून गोल 12a₀ वर, सुमारे ६३५ पिकोमीटरवर. अँग्युलर नोड दोन, ते वरचेच शंकू, कारण दिशेच्या भागाला n चा पत्ताही नसतो. एकूण तीन.

गैरसमज: नोड ओलांडता येत नाही, मग इलेक्ट्रॉन पलीकडे जातो कसा?

हा प्रश्न चेंडूसारख्या इलेक्ट्रॉनबद्दलचा आहे. 2p_z मधला इलेक्ट्रॉन आधी वरच्या पाकळीत आणि मग खालच्या पाकळीत असा प्रवास करत नाही. संपूर्ण ψ म्हणजे एकच अवस्था, दोन्ही पाकळ्यांसह. शिवाय नोड हा जाडी नसलेला पृष्ठभाग आहे. पाकळ्यांवर लिहिलेले + आणि − हे ψ चे चिन्ह आहे, विद्युतभार नव्हे. इलेक्ट्रॉनचा भार दोन्हीकडे ऋणच.

गैरसमज: प्रत्येक नोड गोल तरी असतो, नाहीतर प्रतल किंवा शंकू

हे खरे आहे ते फक्त n, l, m ने नेमलेल्या ऑर्बिटलसाठी. 2s आणि 2p_z समप्रमाणात मिसळून sp संकरित ऑर्बिटल बनवले, तर त्याच्या कंसात 2 − r + z उरते. ते शून्य होते r = z + 2 या पृष्ठभागावर, आणि हा पॅराबोलॉइड आहे. त्याला रेडियल म्हणता येत नाही, अँग्युलरही नाही. संख्या मात्र एकच, n − 1.

हायड्रोजन विद्युतक्षेत्रात ठेवला की अशीच मिश्र अवस्था आपोआप तयार होते. तिथे l कामाचा राहत नाही; n₁ आणि n₂ हे दोन अंक वापरतात आणि n = n₁ + n₂ + |m| + 1. २०१३ साली ॲमस्टरडॅमच्या एएमओएलएफ संस्थेतील अनेता स्टोडोल्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी n = 30 च्या अशा अवस्थांमधून बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर टिपले. चित्रांत एकाभोवती एक वलये दिसली आणि त्यांच्यामधल्या काळ्या पट्ट्यांची संख्या n₁ शी जुळली: 0, 1, 2 आणि 3. m शून्य होता, म्हणून n₁ = 3 असताना n₂ = 26. एकूण नोड 29, त्यातले तीन छायाचित्रात बोटाने मोजता येतात.