वीस कोटींतले खात्रीचे किती?

चाकणच्या एका कारखानदाराला जर्मन कंपनीने सगळे शेअर घेण्यासाठी 20 कोटी देऊ केले, असे समजा. 12 कोटी शेअर नावावर होताच, 3 कोटी वर्षाने आणि 5 कोटी ‘अर्न-आउट’, म्हणजे पुढच्या तीन वर्षांत ठरलेला नफा झाला तरच.

वर्षाने येणारे 3 कोटी ही ठरलेली थकबाकी आहे. त्यासाठी बँक हमी मागता येते. अर्न-आउटचे तसे नाही. तिथे नफ्याचा हिशोब नवा मालक ठेवणार. मुख्यालयाचा व्यवस्थापन खर्च म्हणून त्याने दरवर्षी 40 लाख तुमच्या कंपनीच्या नावे टाकले, तर धंदा उत्तम चालूनही लक्ष्य हुकेल. म्हणून कोणते खर्च वजा करायचे नाहीत, ते करारात नावानिशी लिहून घ्याच.

शिवाय ‘फेमा’खालच्या 2019 च्या नियमांनुसार, परदेशी खरेदीदाराला वेगळ्या परवानगीशिवाय एकूण किमतीच्या 25 टक्क्यांपर्यंतच रक्कम मागे ठेवता येते, तीही करारापासून 18 महिन्यांपर्यंत. इथे 8 कोटी, म्हणजे 40 टक्के, मागे राहताहेत आणि मुदत तीन वर्षांची. या रूपात हा प्रस्ताव नियमात बसत नाही. सुरुवातीलाच किमान 15 कोटी मागायला हे भक्कम कारण आहे.