चार कोपऱ्यांवरून सरळ होणारे पान

टेबलावरच्या कागदाचा फोनने फोटो काढला की आयताकृती पान फोटोत सहसा आयताकृती राहत नाही. फोन जरा तिरपा असला तरी जवळची कड मोठी आणि लांबची कड लहान दिसते. असा फोटो नुसता कापला तर भोवतालचे टेबल जाते, पण तिरपेपणा तसाच राहतो. फिरवून पाहिले तर एक कड सरळ होते आणि समोरची आणखी तिरकी वाटते. त्यामुळे कापणे आणि फिरवणे एवढ्यावर हे काम भागत नाही. पानाचा आकारच पुन्हा घडवावा लागतो.

स्कॅनर अ‍ॅप ते काम चार कोपऱ्यांवरून करते. फोटोतला प्रत्येक कोपरा नेमका कुठे आहे आणि तयार पानात तो कुठे जायला हवा, हे कळले की चार कोपऱ्यांतून आठ समीकरणे मिळतात. फोटोतला कुठलाही ठिपका पानावर कुठे जाईल हे सांगणाऱ्या सूत्रातही आठच आकडे शोधायचे असतात, म्हणून चार कोपरे पुरतात. मात्र एक कोपरा जरी चुकला तरी त्या बाजूच्या साऱ्या ओळी कलंडतात.

कोपरे शोधताना अ‍ॅप उजेड आणि अंधार यांच्यातली सीमा पाहते. पांढऱ्या चादरीवर ठेवलेल्या पांढऱ्या कागदाला अशी सीमाच नसते. कागदाखाली गडद, एकरंगी कापड घातले की बरेचसे काम तिथेच होते. तरीही चौकट चुकली तर तिचे कोपऱ्यांवरचे ठिपके बोटाने ओढून जागेवर आणावेत. कागदाचा कोपरा दुमडलेला असेल तर ठिपका दुमडीवर ठेवू नये. दोन्ही कडा मनाने पुढे वाढवून त्या जिथे मिळतील तिथे तो ठेवावा, मग तिथे टेबलाचा तुकडा दिसला तरी चालेल.

यापुढची अडचण लवकर ध्यानात येत नाही. समजा, भाडेकराराची पाच पाने आहेत: पहिले मुद्रांक कागदाचे, लीगल मापाचे, म्हणजे २१६ × ३५६ मिलिमीटर, बाकीची चार ए-फोर, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. तिरप्या फोटोवरून पानाची खरी लांबी-रुंदी सांगणे अवघड असते. अ‍ॅपमध्ये सगळ्या पानांना ए-फोर माप दिलेले असेल आणि ते पान ताणून बसवत असेल, तर पहिले पान उभ्या दिशेने दबते. ओळी सरळ असतात, कडा नीट असतात, अक्षरे जरा बसकी दिसतात एवढेच. ही चूक पकडायला नोटरीचा गोल शिक्का कामी येतो. ४० मिलिमीटर व्यासाचा शिक्का या पानावर साधारण ३९ मिलिमीटर रुंद आणि ३३ मिलिमीटर उंच होतो. शिक्का अंडाकृती दिसला की त्या पानाचे माप बदलून लीगल करावे. एकाच पीडीएफमध्ये वेगवेगळ्या मापांची पाने राहू शकतात.

आकार जमला की सावली उरते. फोनची स्वतःची सावली पडू नये म्हणून दिवा डोक्यावर असण्यापेक्षा खिडकीचा उजेड बाजूने येत असलेला बरा. अ‍ॅपमधली काळी-पांढरी छटा निवडली तर पानाच्या प्रत्येक भागाचा उजेड वेगळा तपासून शाई काळी आणि कागद शुभ्र केला जातो. टंकलिखित मजकुराला ही छटा शोभते. करारावर मात्र निळ्या शाईच्या सह्या आणि फिकट शिक्के असतात आणि ते तिच्यात अर्धवट गायब होऊ शकतात. अशा कागदपत्रांसाठी रंगीत छटाच ठेवावी.

बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० ठिपक्यांचा असतो. ए-फोर पानाची रुंदी त्यातले २४०० ठिपके व्यापत असेल तर इंचाला सुमारे २९० ठिपके मिळतात, आणि वाचण्यासाठी २०० पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेले चित्र आधीच लहान झालेले असते. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्यावा. संकेतस्थळाची फाइलमर्यादा आड आली तर इंचाला १५० ठिपक्यांपर्यंत उतरावे. ठिपके तेवढेच ठेवून जेपीईजीचा दर्जा पार खाली आणला तर अक्षरांभोवती डाग उठतात, आणि रफार व अनुस्वार आधी जातात.

पाने जोडताना क्रम आणि दिशा पाहावी लागते. गॅलरीत सरळ दिसणारा फोटो पीडीएफमध्ये आडवा पडू शकतो, कारण फोन कसा धरला होता ही नोंद फोटोसोबत वेगळी ठेवलेली असते आणि प्रत्येक प्रोग्राम ती वाचतोच असे नाही. शेवटची फाइल म्हणूनच दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उघडून पाहावी.

चार कोपऱ्यांची ही पद्धत कागद सपाट आहे असे धरून चालते. घडी पडलेला करार किंवा शिवणीपाशी वळलेले वहीचे पान तिला सरळ करता येत नाही; कडा सरळ होतात, मधल्या ओळी मात्र लाटेसारख्या राहतात. अशा वेळी काचेचा तुकडा ठेवून कागद दाबावा आणि काचेत दिव्याचे प्रतिबिंब येणार नाही अशा जागी उभे राहून फोटो पुन्हा काढावा.