चौकोनी कंसातला तास

छोट्या कारखान्यांचे हजेरीपट एक्सेलमध्ये बसवून देण्याचे काम मी करते. तिथे आठवड्याची बेरीज हमखास अडते. एका कारागिराचे सोमवार ते शनिवारचे तास असे होते : ८:३०, ९:१५, ८:४५, ७:५०, ९:१० आणि ६:४०. हाताने बेरीज केली तर ५० तास १० मिनिटे येतात. पत्रकात मात्र २:१० दिसत होते.

बेरीज चुकलेली नसते. एक्सेल वेळ दिवसाच्या हिशेबात साठवते. पूर्ण दिवस म्हणजे १, सहा तास म्हणजे ०.२५. ५० तास १० मिनिटे म्हणजे साधारण २.०९०३. पण `h:mm` हे रूप घड्याळाचे आहे. ते पूर्ण झालेले दोन दिवस सोडून देते आणि उरलेली वेळ तेवढी दाखवते.

या चुकीतला खरा धोका वेगळाच आहे. आठवड्याचे ठरलेले तास ४८ असतील, तर ते बरोबर दोन दिवस होतात. म्हणून २:१० हा आकडा जादा कामाचा म्हणून चक्क बरोबर ठरतो, आणि पाहणारा निर्धास्त होतो. शेजारच्या ओळीत ४७:२० तास भरलेल्या माणसापुढे २३:२० दिसते, तेव्हा कुठे शंका येते. म्हणून मी एखादी तरी बेरीज ४८च्या खाली जाईल अशी घालून पत्रक तपासते.

उपाय सोपा आहे. बेरजेचा सेल निवडायचा, Ctrl+1 दाबायचे, Number मधल्या Custom वर जाऊन Type च्या चौकटीत हे लिहायचे :

```
[h]:mm
```

कंसामुळे तास २४वर पोहोचले तरी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाहीत, ५०:१० दिसते. `[mm]` लिहिले तर तीच बेरीज ३०१० मिनिटे अशी दिसते. जादा तास वेगळ्या सेलमध्ये काढावेत आणि त्यालाही हेच रूप द्यावे. बेरीज B8 मध्ये असेल, तर :

```
=MAX(0,B8-48/24)
```

MAX नसेल, तर कमी तास भरलेल्यांच्या ओळीत उत्तर उणे येते आणि सेल ##### ने भरतो. एक्सेलच्या नेहमीच्या तारीखपद्धतीत उणे वेळ दाखवताच येत नाही. रात्रपाळीतही हेच होते. २२:०० ला आलेला माणूस ६:३० ला गेला, तर सरळ वजाबाकी उणे जाते. येण्याची वेळ C2 आणि जाण्याची D2 मध्ये असल्यास `=MOD(D2-C2,1)` बरोबर ८:३० देते.

कंसाने फक्त दिसणे बदलते, आतली संख्या २.०९०३च राहते. ताशी ९० रुपयांनी थेट गुणले, तर मजुरी १८८.१३ रुपये निघते. `=B8*24*90` लिहून सेलला साध्या संख्येचे रूप दिले की खरे ४५१५ रुपये येतात.

एवढे करूनही बेरीज कमी आली, तर रकान्यातल्या वेळा नीट पाहाव्यात. मुद्दाम काही बदललेले नसेल तर खऱ्या वेळा सेलच्या उजव्या कडेला लागतात. डावीकडे चिकटलेली "८ तास" अशी नोंद मजकूर असते, आणि SUM ती गुपचूप वगळते.